दाराआड लावायचा एक कागद : लकव्यात मिनिटं कुठं जातात?



आज राजकारण नाही, नगरपालिका नाही, खड्डेही नाहीत. आज एका कागदाबद्दल लिहितोय. ए-फोर आकाराचा साधा कागद. तो प्रत्येक घरात फ्रिजवर किंवा स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलेला असावा, असं माझं मत आहे. त्यावर काय लिहावं आणि तसंच का लिहावं, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आधी आमच्या नानांचं सांगतो. नाना म्हणजे माझे चुलते. तालुक्यातल्याच एका गावात राहतात, शहरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वय तेव्हा ६१. बीपीची गोळी चालू होती, पण "बरं वाटतंय" म्हणून मधल्या मधे बंद करायची सवय.

सकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी नाना गाईंची धार काढून ओट्यावर आले, काकूंना म्हणाले, "चहा टाक." एकदम ठणठणीत. सहाच्या सुमारास काकूंनी चहा हातात दिला आणि कप हातातून निसटला. काकू म्हणाल्या, "अहो, काय झालं?" नाना काहीतरी बोलले, पण शब्द जडावलेले, समजेनात.

इथून पुढं घड्याळ बघा. दवाखान्यातून आल्यावर मी घरातल्या प्रत्येकाला विचारून, फोनमधले कॉल बघून ही वेळ जुळवली होती. पत्रकाराची खोड म्हणा.

पहिली ३५ मिनिटं घरात गेली. "रात्री हातावर झोपले असतील, मुंगी आली असेल." पडवीत झोपवलं, हाताला तेल चोळलं, साखरेचं पाणी पाजलं. पाणी पिताना ठसका लागला, तेही कुणी मनावर घेतलं नाही.

पुढची ४५ मिनिटं मुलाची वाट बघण्यात गेली. माझा चुलतभाऊ डेअरीला दूध घालायला गेला होता आणि फोन घरीच चार्जिंगला होता.

त्यापुढची ४५ मिनिटं गावातल्या डॉक्टरांकडं. त्यांना घरून बोलवायचं, ते येणार, बीपी तपासणार. बीपी २०० च्या वर निघालं. एक इंजेक्शन, जिभेखाली एक गोळी, थोडा वेळ थांबून पुन्हा बीपी. मग म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात न्या."

गाडी शोधण्यात २५ मिनिटं. एकाची गाडी होती, तर ड्रायव्हर नव्हता. १०८ ला फोन करावा हे कुणालाच सुचलं नाही.

रस्त्यावर २५ मिनिटं. साडेआठला निघाले आणि ८ वाजून ५५ मिनिटांनी शहरात पोचले.

पहिल्या दवाखान्यात ५५ मिनिटं गेली. केसपेपर, सलाईन, साहेब राउंडला. शेवटी कळलं की सीटी स्कॅन तिथं नाही. दुसरीकडं न्यायला १० मिनिटं. तिथं स्कॅन होऊन रिपोर्ट हातात यायला ४० मिनिटं.

घड्याळात वाजले होते १० वाजून ४० मिनिटं. सुरुवातीपासून एकूण २८० मिनिटं.

आता यात रस्त्याची मिनिटं किती? २५ आणि १०, म्हणजे फक्त ३५. आपण नेहमी म्हणतो, "खेड्यात राहतो, दवाखाना लांब, काय करणार?" नानांच्या बाबतीत दवाखाना लांब नव्हता. घराचा उंबरा ओलांडायलाच १५० मिनिटं लागली. उरलेल्यातली बरीच चुकीच्या दारात गेली. रस्त्यानं आमचं काही चोरलं नाही. चोरी घरात झाली, आणि ती आम्हीच केली. वाईट हेतूनं नाही, माहिती नव्हती म्हणून.

स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही. गुठळी आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शेवटचे ठीक कधी दिसले होते?" आणि इथं अजून एक गंमत बघा. सोबत आलेल्या चौघा पुरुषांपैकी एकानंही सुरुवात पाहिलेली नव्हती. जिनं पाहिली ती काकू घरी होती. फोन लावून विचारलं तर काकू म्हणाली, पावणेसहा झाले असतील, सहाच्या आत. ५:५० धरलं, तर साडेचार तास १०:२० ला संपले होते. आम्ही वीस मिनिटं उशिरा होतो.

आता हे साडेचार तास आले कुठून? तेही सांगतो, कारण "डॉक्टर असंच म्हणतात" असं लोकांना वाटतं.

आपल्याला पाटाचं पाणी माहीत आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. प्रवरेच्या पाटावरची एखादी चारी मध्येच दगड-मातीनं तुंबली, तर पुढच्या पिकाचं काय होतं? अगदी तोंडाजवळचा तुकडा, ज्याला दुसरीकडून थेंबही मिळत नाही, तो लगेच वाळतो. पण त्याच्या कडेच्या वाफ्यांना शेजारच्या चारीतून थोडा पाझर येत असतो. ते पीक माना टाकतं, पिवळं पडतं, पण मेलेलं नसतं. वेळेत चारी मोकळी केली तर ते पुन्हा उभं राहतं. उशीर केला तर तेही जातं, आणि मग चारी मोकळी करून पाणी सोडलं तरी उपयोग नसतो.

मेंदूत तेच होतं. रक्तवाहिनीत गुठळी अडकते. मधला भाग काही मिनिटांतच मरतो. भोवतीचा भाग शेजारच्या वाहिन्यांच्या पाझरावर तग धरून असतो. त्याचं काम बंद पडलेलं असतं, म्हणून हात उचलत नाही, पण तो अजून जिवंत असतो. सगळी धावपळ या कडेच्या वाफ्यांसाठी आहे. २००६ साली जेफ्री सेव्हर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. नानांच्या हाताला तेल चोळण्यात गेलेली ३५ मिनिटं या आकड्याला गुणून बघा. मी एकदा गुणलं, पुन्हा नाही गुणलं.

गुठळी विरघळवायचं औषध काम करतं हे १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं, तेव्हा मर्यादा तीन तासांची होती. २००८ च्या युरोपातल्या चाचणीनंतर ती साडेचार तास झाली. पण साडेचार तासांपर्यंत सगळं सारखंच, असं समजू नका. अशा अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला हिशेब असा आहे : तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं, तर शंभरातले साधारण दहा जण जास्त, म्हणजे इंजेक्शनाशिवाय जेवढे झाले असते त्यांच्या वर दहा, जवळजवळ पूर्ववत होतात. तीन ते साडेचार तासांत मिळालं, तर हेच दहाचे पाच होतात. म्हणजे दीड तासाच्या उशिरात फायदा अर्धा झाला.

आणि हे जादूचं इंजेक्शन नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. शंभरातल्या पाच-सहा जणांना त्यातून मेंदूत धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर आधी स्कॅन बघतात, बीपी बघतात, रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत का, अलीकडं ऑपरेशन झालंय का हे विचारतात. सगळ्यांना ते देता येत नाही. नाना वीस मिनिटं आधी पोचले असते तर नक्की बरे झाले असते, असं मी म्हणणार नाही. उलट वीस मिनिटं आधीही आम्ही उशिराच होतो. कारण दवाखान्याच्या दारात पोचल्यापासून सुई टोचेपर्यंत, सगळं सुरळीत असलं तरी, एक तास धरावा लागतो. म्हणून माझ्या कागदावर मी साडेचार तास लिहीतच नाही. साडेचार तास सुईचे आहेत. दवाखान्याच्या दाराचे साडेतीन. आणि घरातून निघायचे? दहा मिनिटं.

आता कागदाकडं येतो.

तुम्ही म्हणाल, सरकारी दवाखान्यात पोस्टर असतातच की. असतात. "पक्षाघाताची लक्षणे : चेहऱ्याची सुन्नता, शारीरिक असंतुलन, वाचादोष". शिवाय इंग्रजीतलं "बी फास्ट". त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक लक्षण जोडलेलं. इंग्रजी येणाऱ्याला ते छान लक्षात राहतं. आमच्या काकूंना बी म्हणजे काय आणि एफ म्हणजे काय? आणि "वाचादोष" हा शब्द आमच्या गावात कुणी उभ्या जन्मात तोंडातून काढलेला नाही. आपण म्हणतो "बोबडी वळली", "जीभ जड झाली", "तोंड वाकडं झालं". ज्या भाषेत माणूस घाबरतो, त्याच भाषेत पोस्टर पाहिजे.

दुसरी गोष्ट, नावाची. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथंच आहे. आपण या आजाराला म्हणतो "लकवा मारला" किंवा "अंगावरून वारं गेलं". ही नावं घडून गेलेल्या गोष्टीची आहेत. वारं गेलं म्हणजे गेलं, आता काय करणार? मग मालिश, मग काढा, मग कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कुणी लकव्याचं औषध देणाऱ्या गावाचा पत्ता देतं. हेच छातीत दुखलं असतं तर? "हार्ट अटॅक" म्हटल्यावर अख्खी गल्ली गाडी काढते. अटॅक म्हणजे आत्ता चालू आहे, पळा. लकवा म्हणजे झालं, बसा. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा : "हा मेंदूचा अटॅक आहे". आणि खाली लकवा, वारं, पॅरालिसिस ही सगळी नावं द्या, म्हणजे लोकांना ओळख पटेल.

यात अजून एक फसवणूक आहे. हार्ट अटॅक दुखतो, हा बहुतेक वेळा दुखत नाही. माणूस ओरडत नाही, तळमळत नाही. कित्येकदा त्याला स्वतःलाच कळत नाही की आपला हात चालत नाही. "मला काही झालं नाही, झोपू द्या" असं तोच सांगतो. म्हणून कागद पेशंटसाठी नाही, शेजारी बसलेल्यासाठी आहे.

मी आणि आमच्या ओळखीच्या एका फिजिशियन डॉक्टरांनी बसून मजकूर ठरवला. काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला. जिथं काकू अडल्या तो शब्द काढला. शेवटी राहिलं ते असं :

हा मेंदूचा अटॅक आहे. (लकवा, वारं, पॅरालिसिस)

अचानक काही वेगळं वाटलं, तर तीन गोष्टी करायला सांगा :
१. "हसून दाखवा." तोंड एका बाजूला ओढलं जातंय का?
२. "डोळे मिटा, दोन्ही हात समोर सरळ धरा." दहा आकडे मोजा. एक हात खाली येतोय का?
३. "तुमचं नाव, गाव आणि आज वार कोणता ते सांगा." बोबडं, अडखळत किंवा भलतंच बोलतात का?
याशिवाय : अचानक तोल जाणं, एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं होणं, एकाचे दोन दिसणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं.

एक जरी चुकलं, तर घड्याळ बघा आणि निघा.

शेवटचे ठीक कधी दिसले? वेळ : ______

तोंडातून काहीही देऊ नका. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही.
उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल, तर कुशीवर झोपवा.
ज्यानं शेवटचं ठीक पाहिलं, तो माणूस गाडीत बसलाच पाहिजे. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

फोन १०८. म्हणा : "लकव्याचा झटका आहे, इतक्या वाजता सुरू झाला."
दिवसरात्र सीटी स्कॅन असलेला दवाखाना : ______ फोन : ______
तो नसेल तर दुसरा : ______ फोन : ______
गाडीवाला : ______ फोन : ______

थोड्या वेळात आपोआप बरं वाटलं, तरी निघा.

एवढंच. याहून जास्त लिहिलं तर कुणी वाचणार नाही. पण काही ओळी अशाच का, ते सांगतो.

"एक जरी चुकलं" हे मुद्दाम लिहिलं. आपण तिन्ही लक्षणं दिसायची वाट बघतो. नानांचं तोंड वाकडं झालं नव्हतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांनी "लकवा नाही" असं ठरवून टाकलं. लकवा म्हणजे तोंड वाकडं, एवढंच आपल्याला माहीत. हात पडला होता, बोलणं गेलं होतं, पण तोंड सरळ होतं ना!

"तोंडातून काहीही नाही." ज्या झटक्यानं हात जातो, त्यानंच गिळायची ताकदही जाऊ शकते. मग पाणी पोटात न जाता फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया उभा राहतो. नानांना लागलेला ठसका हाच होता. नशीब, तेवढ्यावर निभावलं.

"गोळी नाही." इथं शिकलेली माणसंही चुकतात. हार्ट अटॅकच्या व्हॉट्सॲप मेसेजमुळं पुष्कळ घरांत ॲस्पिरिन ठेवलेली असते. लकव्यात ती घरी देऊ नका. कारण मेंदूचे अटॅक दोन जातीचे. बहुतेक वेळा गुठळी, पण काही वेळा रक्तवाहिनी फुटलेली. फुटलेली असताना रक्त पातळ करायची गोळी दिली, तर आगीत तेल. बाहेरून बघून दोन्ही सारखेच दिसतात. जगातला कितीही मोठा डॉक्टर आणा, नुसतं बघून खात्रीनं सांगू शकत नाही. सांगतो फक्त स्कॅन.

बीपीचंही तेच. झटका आल्यावर बीपी वाढलेलं दिसतं आणि घरचे घाबरून म्हणतात, "आधी बीपी उतरवा." पण गुठळी असेल, तर ते वाढलेलं दाबच कडेच्या वाफ्यांना पाझर पोचवत असतं. जिभेखाली गोळी देऊन ते एकदम खाली आणलं, की तो पाझरही आटतो. बीपी किती उतरवायचं आणि कधी, हे स्कॅननंतर दवाखान्यात ठरतं. गावातल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. रात्री-अपरात्री तेच धावून येतात. पण लकव्याचा संशय आला, तर त्यांच्याकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात : बोटातून थेंब घेऊन साखर तपासणं, कारण साखर फार खाली गेली तरी असंच दिसतं आणि ते लगेच दुरुस्त होतं, आणि पुढच्या दवाखान्यात फोन. या दोन गोष्टींना पाच मिनिटं पुरतात.

"आपोआप बरं वाटलं, तरी निघा." हे सगळ्यात अवघड आहे. हात पडला, दहा मिनिटांत पुन्हा चालू झाला. घरातले म्हणतात, देवानं वाचवलं, नारळ फोडा. नारळ फोडा, पण दवाखान्यातून आल्यावर. हा छोटा झटका म्हणजे गुठळी आली आणि सरकून गेली. मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, आणि या दोन दिवसांत औषध सुरू झालं तर तो टळण्याची शक्यता चांगली वाढते.

झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसली तर? तेव्हा वेळ उठल्याची धरत नाहीत, झोपताना शेवटचे ठीक होते तेव्हाची धरतात. पण म्हणून "आता उशीर झाला" असं घरी ठरवू नका. मोठ्या शहरांत मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढायची सोय आता आहे, आणि २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही ती करतात. कोण त्यात बसतं ते स्कॅन सांगतो, चुलत्या-मामांची बैठक नाही.

आता कागदावरच्या रिकाम्या जागा. खरं काम तिथं आहे. छापील पोस्टर सगळ्या महाराष्ट्रात एकच असतं, म्हणून त्यात दवाखान्याचं नाव नसतं. आणि नेमकं तेच आपल्याला ऐनवेळी माहीत नसतं. आमची ५५ मिनिटं गेली ती याच रिकाम्या जागेत. म्हणून आज, सगळे धडधाकट असताना, जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करा आणि चार प्रश्न विचारा. सीटी स्कॅन तुमच्याकडंच आहे का? रात्री आणि रविवारी तो चालवणारा माणूस हजर असतो का? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडं ठेवलेलं असतं का? ते देणारे डॉक्टर रात्री येतात का? चारही उत्तरं "हो" आली, की त्याचं नाव पहिल्या ओळीत. श्रीरामपुरात राहणाऱ्यानं एक नाव शहरातलं आणि एक लोणी, नगर किंवा नाशिककडचं लिहून ठेवावं. कोपरगाव-राहुरीच्या मित्रांनी आपापल्या बाजूनं बघावं. सगळ्यात जवळचा दवाखाना नको, सगळ्यात जवळचा चालू सीटी हवा. आणि निघताना फोन करा, "येतोय, इतक्या वाजता सुरू झालं." तुम्ही वाटेत असताना तिथं तयारी होते.

माझं मागणं यावरच आहे. तालुका आरोग्य विभागानं आणि आपल्या डॉक्टर मंडळींनी मिळून तालुक्याची एक यादी करावी : कुठं चोवीस तास सीटी चालू, कुठं इंजेक्शन उपलब्ध. दर तीन महिन्यांनी ती तपासावी आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. यात इमारत बांधायची नाही, टेंडर काढायचं नाही. ज्या दवाखान्यात सोय नाही, त्यानं दारातच तसं सांगावं, "लकव्याचा पेशंट असेल तर थांबू नका, इकडं जा." पेशंट सोडायचा म्हणजे धंद्याचं नुकसान, हे मला कळतं. पण सलाईन लावून पेशंट अडकवून ठेवणं हे त्याचं आयुष्य अडकवणं आहे.

काही जण म्हणतील, कागदानं काय होतंय? बरोबर आहे, एकट्या कागदानं होत नाही. सीटीच नसेल, तर कागद काय करणार? गडचिरोलीचा अनुभव आपल्या डोळ्यासमोर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे त्या कामात होते. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं लकवा. साप नाही, हिवताप नाही. शंभर मृत्यूंमागं चौदा. आणि लकव्यानं गेलेल्या दर शंभरातले सत्त्याऐंशी घरीच गेले. गडचिरोलीत जंगल आहे, अंतरं मोठी आहेत, सोयी कमी आहेत. आपल्याकडं डांबरी रस्ता आहे, शहरात स्कॅन आहेत, २०१४ पासून १०८ आहे. तरीसुद्धा नाना घरून निघायला अडीच तास लागले. तिथं जी अडचण अंतराची आहे, ती इथं माहितीची आहे. माहितीची अडचण कागदानं सुटू शकते, निदान तिचा पहिला दीड तास तरी.

आणि एक, कागदाच्या मागच्या बाजूला लिहायचं. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळं. नानांची चारी तुंबली त्याची सुरुवात त्या सकाळी सहाला झाली नव्हती, गोळीचं पाकीट संपलं आणि दुसरं आणलं नाही तेव्हाच झाली होती.

नाना आज आहेत. काठी घेऊन ओट्यापर्यंत येतात. उजवा हात छातीशी आखडलेला. शब्द दोनच उरलेत, "बरं" आणि "नको". पूर्वी अख्ख्या वस्तीच्या उसाच्या स्लिपा आणि दुधाचा हिशेब तोंडपाठ असायचा. आता सोसायटीच्या कागदावर डाव्या हाताचा अंगठा. मी भेटायला गेलो की काकू दर वेळी तेच विचारते, "मी लगेच आरडाओरडा केला असता तर रे?" मी दर वेळी सांगतो, काकू, तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता काकूच्या स्वयंपाकघराच्या दाराआड तो कागद आहे. रिकाम्या जागा भरलेल्या. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या आजींची जीभ अचानक जड झाली, तेव्हा काकूनंच त्यांना हात वर धरायला लावले, घड्याळ बघितलं आणि स्वतः गाडीत बसली. चाळीस मिनिटांत आजी स्कॅनच्या टेबलावर होत्या. निघालं काय, तर साखर खाली गेली होती. ग्लुकोज चढवलं, आजी बोलायला लागल्या. कुणी तरी म्हणालं, "उगाच धावपळ केली." काकू म्हणाली, "उगाच झाली तेच बरं."

वरचा मजकूर जसाच्या तसा वहीच्या पानावर उतरवून घ्या. छापायची गरज नाही. रिकाम्या जागा मात्र आजच भरा. आणि तुमच्या भागात चारही प्रश्नांना "हो" म्हणणारा दवाखाना सापडला, तर मला कळवा. यादी आपणच सुरू करू.